मोडी कागद, खासरा आणि सेतवारातून मूळ गाव कसं शोधायचं

प्रश्न: आमचं गाव जिंतूर तालुक्यात. आजोबा सांगायचे की आपण मूळचे इथले नाही, वऱ्हाडातून आलो, पण कोणत्या गावातून ते कोणालाच माहीत नाही. घरात पत्र्याच्या डब्यात चार-पाच मोडी कागद आहेत अन् चालू सातबारा आहे, बस. मूळ गाव शोधायला सुरुवात कुठून करावी? मोडी शिकावी लागेल का?

उत्तर:

मोडी नंतर बघू. डबा तसाच बंद ठेवा, कागद लॅमिनेट तर अजिबात करू नका, आणि आधी सातबारा हातात घ्या. मी गेली बावीस वर्षं मोडी आणि जुनं उर्दू महसुली दफ्तर वाचून देतोय, लोक येतात ते आडनाव घेऊन येतात, सर आमच्या आडनावाचा इतिहास काढा म्हणतात. मराठवाड्यात आडनावाच्या मागं गेलात की फसलात. निजामाच्या काळच्या कागदात माणूस म्हणजे नाव आणि बापाचं नाव, मधे वल्द. आडनाव बहुतेक वेळा नसतंच. माणसाचं नाव बदलतं, टोपणनाव लागतं, आडनाव नंतर चिकटतं, पण जमीन जागची हलत नाही. म्हणून धरायचं ते जमिनीला आणि तिच्यासोबत एक एक पायरी मागं जायचं.

तुमच्यासारखीच एक केस काही वर्षांपूर्वी केली होती ती सांगतो, त्यातच सगळं येतं. नावं बदलून लिहितोय. घर मंठा तालुक्यातलं, आडनाव वऱ्हाडे, समजूत हीच की आम्ही वऱ्हाडातून आलो. घरात तोंडपाठ वंशावळ होती : आजोबा कोंडिबा, त्यांचे वडील सखाराम, त्यांचे वडील राणोजी. आणि राणोजी इथं आले.

त्यांच्या सातबाऱ्यावर गट नंबर ११८. आता पहिली अडचण इथंच येते, गट नंबर घेऊन जुन्या दफ्तरात गेलात तर काहीच सापडणार नाही कारण जुन्या काळी गट नव्हते, सर्व्हे नंबर होते. एकत्रीकरण योजना झाली तेव्हा सर्व्हे नंबरांचे गट झाले. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला हे ज्यात लिहिलंय त्याला ९(३) ९(४) चा उतारा म्हणतात आणि तो तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसात मिळतो. अर्जात गाव, गट नंबर आणि याच उताऱ्याचं नाव लिहा. 'सगळं जुनं रेकॉर्ड द्यावे' असा अर्ज केला की 'रेकॉर्ड आढळून येत नाही' असं उत्तर आलंच म्हणून समजा. त्या घराच्या गट ११८ मधे दोन सर्व्हे नंबर निघाले, ३१ पूर्ण आणि ३२ मधला तुकडा. घरच्यांना ३२ चं माहीतच नव्हतं.

पुढची पायरी म्हणजे १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक. मराठवाड्यात हा कागद म्हणजे दरवाजा आहे, याच्या अलीकडं मराठी सातबारा आणि फेरफार, याच्या पलीकडं उर्दू. सर्व्हे नंबरवार आहे, पट्टेदार कोण, प्रत्यक्ष ताब्यात कोण, क्षेत्र किती एकर किती गुंठे, आकार म्हणजे शेतसारा किती, सगळं एका ओळीत. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधे असतं. पण कोणती तहसील हे आधी बघा! आज मंठा जालना जिल्ह्यात आहे, पण जालना जिल्हाच १ मे १९८१ ला झाला, त्याआधी तिकडची गावं परतूर तालुक्यात अन् परतूर परभणी जिल्ह्यात. म्हणजे ह्या घराचे कागद थोडे मंठ्याला, थोडे परतूरला आणि वरच्या पातळीवरचे परभणीला. तसंच लातूरवाल्यांनी जुनं उस्मानाबाद, आताचं धाराशिव, धरून चालावं (लातूर १९८२ ला वेगळं झालं) आणि हिंगोलीवाल्यांनी परभणी (हिंगोली १९९९). तुमचा जिंतूर परभणीतच राहिला, तेवढा एक हेलपाटा वाचला.

खासऱ्यात सर्व्हे नंबर ३१, १८ एकर २६ गुंठे, पट्टेदार सखाराम वल्द कोंडिबा. आता वर घरची वंशावळ परत वाचा. घरचे म्हणतात सखारामचे वडील राणोजी, कागद म्हणतो कोंडिबा. घरच्यांचं म्हणणं कारकुनानं बाप आणि मुलगा उलटा लिहिला. असं होतंही कधी कधी, म्हणून एका कागदावर भांडायचं नसतं. १९५१ च्या जनगणनेसोबत नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही गावोगाव तयार झाली होती, त्यात घरवार माणसं आणि वयं असतात. त्यात हे घर निघालं, सखाराम वय ४५, बायको, मुलगा कोंडिबा वय २२. वयं अंदाजेच असतात, ४५ म्हणजे ४० ते ५० धरा. तरी सखारामचा जन्म १९०६ च्या आसपासचा झाला.

मग सखारामच्या नावावर पट्टा आला कसा ते शोधलं. आपल्याकडं वारसानं नाव लागण्याला विरासत म्हणायचे आणि त्याची जी फाईल ती मिसल. परतूरच्या दफ्तरात विरासतीची मिसल निघाली, फसली सन १३४१ ची, कोंडिबा वल्द राणोजी मयत, वारस सखाराम वल्द कोंडिबा. झालं ना स्पष्ट. मधली एक पिढी घराच्या आठवणीतून गळाली होती, कारण आपल्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवतात. कोंडिबा, सखाराम, पुन्हा कोंडिबा. दोन कोंडिबांचा सांगणाऱ्यांनी एकच कोंडिबा केला. ही चूक मला इतक्या घरांत सापडलीय की आता मी आधी तेच तपासतो. एकच माणूस कागदांवर सत्तर-ऐंशी वर्षं जिवंत दिसायला लागला की तो एक माणूस नाही, आजा आणि नातू आहेत. नाहीतर मग मेल्यावरही कोणी विरासत केली नाही आणि पट्टा मयताच्या नावानं तसाच राहिला, हे पण लई होतं.

सालाचं आत्ताच सांगून टाकतो कारण इथं लोक हमखास घसरतात. आपल्या भागातल्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतं, वर्ष सरत आलं असेल तर ५९१. फसली १३४१ म्हणजे १९३१-३२. नेटवर ५९२ किंवा ५९३ मिळवा असं सापडतं, ते उत्तर हिंदुस्थानच्या फसलीचं. पेशवाईच्या वळणाच्या जुन्या कागदात सुहूर सन असतो, अरबी शब्दांत लिहिलेला, 'इसन्ने सबैन मया व अलफ' असा, म्हणजे दोन, सत्तर, शंभर, हजार, ११७२. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे १७७१-७२. नुसतं 'सन १२२५' लिहिलेलं असेल तर फार जपून, ते फसली असेल तर १८१५ च्या आसपास, सुहूर असेल तर १८२४ आणि हिजरी असेल तर १८१०. चौदा वर्षांचा फरक पडतो, अख्खा पोरगा मोठा होतो तेवढ्यात. अशा वेळी त्याच कागदात शक, संवत्सराचं नाव किंवा तिथीवार कुठं आहे का बघायचं आणि त्याच्यावरून ठरवायचं.

आता सेतवार. जमीन मोजून सारा ठरवायचा बंदोबस्त झाला तेव्हा गावचे सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार आणि पट्टेदार ज्यात उतरवले ते हे. उर्दूत, घसटत्या शिकस्ता अक्षरात. शिकस्ता वाचणारा माणूस शोधा, नुसतं उर्दू येणाऱ्याला ते येत नाही. कारण त्या घाईच्या लिहिण्यात नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपके गाळलेले असतात आणि उर्दूत ब, प, त, न हे शब्दाच्या सुरुवातीला सारखाच दात, फरक फक्त नुक्त्यांचा. नुक्ते गेले की नाना, बाबा, तात्यातला ताता हे तिन्ही डिट्टो एकसारखे दिसतात. त्यात परत ळ आणि ण उर्दूत नाहीतच, म्हणून काळे चं काले होतं, बाणे चं बाने, आणि १९५५ नंतर मराठी नक्कल करताना कोणी कारकुनानं ते तसंच मराठीत उतरवलं की नवीनच आडनाव जन्माला येतं. म्हणून भाषांतर घेताना वाचणाऱ्याला सांगा की जिथं खात्री नाही तिथं दोन्ही शक्यता लिहून द्या. जो वाचक कुठंच अडखळत नाही त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

सेतवारात सर्व्हे नंबर ३१ आहे, क्षेत्र तेच १८ एकर २६ गुंठे, म्हणजे जमीन तीच, हे क्षेत्र जुळवणं कधी विसरू नका कारण फेरमोजणीत सर्व्हे नंबर बदललेले असू शकतात. पण पट्टेदार भलताच. या घराशी काही संबंध नसलेला माणूस. प्रतीचा वरचा कोपरा गेलेला, सन वाचता येईना. म्हणजे केव्हातरी जमीन ह्यांच्याकडं आली. केव्हा?

उत्तर त्यांच्याच डब्यात होतं. एक कागद होता इस्टांपाचा, उर्दू, तो घरच्यांनी कुठल्या तरी दर्ग्याचा म्हणून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला होता, दर गुरुवारी उदबत्ती. तो निघाला बैनामा, म्हणजे खरेदीखत, फसली १३१९, घेणार कोंडिबा वल्द राणोजी. १९०९-१०. जमीन विकत घेतलेली, वडिलोपार्जित नाही. म्हणजे या गावात ह्या घराची जमिनीची नोंद १९०९ च्या मागं सापडणारच नाही आणि सापडली नाही म्हणून दुःख करायचं कारण नाही. माणूस बाहेरून आला याचा तो पुरावाच आहे.

इथपर्यंत आलो तेव्हा कुठं मोडी काढली.

घरात सापडणारे मोडी कागद म्हणजे लोकांना वाटतं सनद, शिवाजी महाराजांनी दिलेली वगैरे. दहातले सात-आठ कर्जरोखे असतात, सावकाराकडून रक्कम फेडल्यावर परत आलेले. नाराज होऊ नका, वंशावळीसाठी कर्जरोखा सोनं आहे, कारण सावकाराला ऋणको पळून गेला तर कुठं शोधायचा हे लिहून ठेवायची गरज होती. ह्यांच्या डब्यात फसली १३१२ चा, म्हणजे १९०२-०३ चा रोखा होता. तो त्यांनी आधी एकाकडून वाचून घेतला होता आणि त्यानं मूळ गावाचं नाव काढून दिलं होतं 'हालीवस्ती'. घरातला पोरगा आठ महिने हालीवस्ती नावाचं गाव शोधत होता, गुगल मॅपवर, जनगणनेच्या यादीत, पार मध्य प्रदेशापर्यंत.

कागद पाहिला आणि डोक्याला हात लावला. मोडीत आधी शिरोरेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढतात अन् मग तिच्याखाली लेखणी न उचलता लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ह्रस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. ती ओळ तोडून लिहिली तर अशी होती : 'लिहून देणार कोंडिबा बिन राणोजी राहाणार मौजे अमुक तालुके मेहेकर हाली वस्ती मौजे तमुक कारणे कर्जरोखा लिहून देतो ऐसाजे'. हाली वस्ती म्हणजे हल्ली वस्ती, सध्या मुक्काम! त्याच्या आधी जे गाव आहे ते मूळ आणि नंतरचं ते हल्लीचं. गावाचं नाव समोर होतं, आधीच्या वाचकानं शब्द चुकीच्या जागी तोडला एवढंच. तुमच्या कागदात पण पहिली गोष्ट हेच बघा, राहाणार, हाली वस्ती, हाली मुक्काम असं काही आहे का. मौजेला बऱ्याचदा नुसतं मौ आणि पुढं दंड काढतात, परगण्याला पा. बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. हे चार-सहा शब्द ओळखायला आले तरी कागद कशाचा आहे ते कळतं. तेवढ्यासाठी पूर्ण मोडी शिकायची गरज नाही, शिकलात तर उत्तमच, पुराभिलेख खात्याचे वर्ग असतात.

रोख्याचा खालचा भाग वरच्यापेक्षा कामाचा. कोंडिबाची सही नाही, नांगराचं चित्र काढलंय, निशाणी नांगर. बिकलम म्हणून लिहिणाऱ्याचं नाव. आणि साक्षीदारांत : मारोती बिन राणोजी, राहाणार मौजे अमुक. म्हणजे मूळ गावात मागं राहिलेला भाऊ साक्षीला आला होता. हे का महत्त्वाचं ते सांगतो. कोंडिबा राणोजी नावाचे त्या काळी प्रत्येक दोन गावाआड एक भेटतील, एका नावावर काहीच सिद्ध होत नाही. पण कोंडिबा आणि मारोती, दोघांचा बाप राणोजी, आणि गाव तेच, अशी जोडी जुळली तर योगायोग फार कमी उरतो. मी कायम जोडी शोधतो.

मूळ गाव आज लोणार तालुक्यात, तेव्हा मेहकर. आता इथं राज्यच बदललं. वऱ्हाड १८५३ ला निजामानं इंग्रजांकडं दिला, त्यामुळं सीमेपलीकडच्या त्या गावाचं दफ्तर इंग्रजी पद्धतीचं, मराठीतलं, सेतवार-शिकस्ता असलं काही नाही. आपल्याकडं १९४८ च्या मागं गावपातळीची जन्ममृत्यू नोंद सापडली तर नशीब म्हणायचं, तिकडं मात्र कोतवाल बुक बऱ्याच गावांचं बरं टिकलंय. त्यात मारोतीच्या मुलांचे जन्म निघाले, बापाचं नाव मारोती राणू. राणोजीचा राणू झाला होता, कोतवालानं बोलायच्या नावानं लिहिलेला. जमिनीच्या कागदातही मारोती राणोजी होता, त्याचे वंशज आजही त्याच शेतात आहेत.

आणि त्यांचं आडनाव वऱ्हाडे नाही! असणार तरी कसं, वऱ्हाडात राहणाऱ्याला वऱ्हाडे कोण म्हणेल. मंठ्याकडं आल्यावर गावानं चिकटवलेलं नाव ते, वऱ्हाडातून आलेला कोंडिबा. आडनाव धरून निघाले असते तर ही दोन घरं जन्मात भेटली नसती. हे भाऊबंद शोधल्यावर दोन्हीकडचे म्हातारे एकाच खंडोबाला जातात हे पण कळलं, पण कुलदैवत मी पुरावा म्हणून धरत नाही, अर्धा मराठवाडा त्याच खंडोबाचा आहे.

कोंडिबानं गाव का सोडलं हे कुठंच लिहिलेलं नाही. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ आणि १९०२-०३ चा रोखा, मधे दोन-तीन वर्षं, त्यामुळं घरचे दुष्काळात आलो म्हणतात. शक्य आहे. मी लिहून देताना 'शक्यता' असंच लिहिलं.

तुमच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी वेगळ्या असू शकतात. एक, तुमचं गाव खालसा म्हणजे थेट सरकारचं होतं की जहागिरीचं हे आधी विचारा, गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत असतं. जहागिरी १९४९ ला मोडल्या, तोवर त्या गावांचा वसूल जहागीरदाराच्या माणसांकडं होता त्यामुळं सरकारी दफ्तरात जुनं फार कमी सापडतं, तिथं खासऱ्याच्या मागं एकदम अंधार पडू शकतो. दोन, घरात काही इनाम होतं का, देवाचं, पाटीलकीचं, कसलंही दोन-चार एकर. असेल तर तुमचं काम फारच सोपं आहे, कारण इनामाचा वारस ठरवायला प्रत्येक पिढीला चौकशी व्हायची आणि त्या मिसलीत शजरा म्हणजे अख्खी वंशावळ जोडलेली असते, भावा-चुलत्यांसकट. कलेक्टर ऑफिसच्या अतियात म्हणजे इनामाच्या शाखेत विचारा, मुंतखब म्हणजे इनाम मंजुरीचा कागद आहे का म्हणून. फक्त एक ध्यानात ठेवा, तो शजरा हक्क मिळवायला दिलेला असतो, त्यात नको असलेला भाऊ गाळलेला असू शकतो. तीन, सातबारा आणि जुन्या फेरफारात नावापुढं अ.पा.क. दिसलं तर ते पोरगं तेव्हा अज्ञान होतं, म्हणजे त्या वर्षातून अठरा वजा करा, जन्म त्याच्या नंतरचा. बेवा दिसलं तर नवरा त्याआधी गेलेला. असल्या बारीक शब्दांवरून साल पकडता येतं.

२०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळं खासरा, १९५१ ची नोंदवही, हे सगळं बाहेर काढून तपासलं गेलंय, बरंच स्कॅनही झालंय. त्याचा फायदा असा की पूर्वी 'असलं काही नसतं' म्हणणारे आता कागदाचं नाव घेतलं की ओळखतात. तोटा असा की रेकॉर्ड रूममधे गर्दी आहे आणि सुरुवातीला हे गठ्ठे घाईत उलटसुलट बांधले गेलेत, एका तालुक्यात मला एका गावाचा खासरा दुसऱ्याच गावाच्या गठ्ठ्यात सापडला. तुमच्या गावाचा नाही मिळाला तर शेजारच्या दोन गावांचे गठ्ठे बघू द्या म्हणून विनंती करा, चहा प्या, परत जा.

मोडी कागदांचा फोटो काढताना फ्लॅश नको, सकाळी खिडकीजवळ कागद सपाट ठेवून बाजूच्या उजेडात काढा, मागची बाजू पण काढा, फेडीच्या तारखा अन् रकमा मागंच लिहिलेल्या असतात. घड्या जोरात उलगडू नका, घडीवरच पहिल्यांदा फाटतो आणि गावाचं नाव नेमकं घडीतच असतं. आधी ९(३) ९(४) आणि खासरा काढून आणा, पट्टेदाराचं नाव आणि क्षेत्र इथं टाका, मग त्या नावाचा माणूस तुमच्या मोडीत कुठं आहे ते सोबत बघू.